पट्टीतून कापलेला हप्ता

पार्टटाइम एजंटांबद्दल माझं मत वाईट होतं आणि ते मी कधी लपवलंही नाही. लातूरच्या मार्केट यार्डात एका अडतीवर मी जमाखर्च लिहितो. सोयाबीनच्या हंगामात माल येतो, सौदा निघतो, मापं होतात, हमाली-तोलाई आणि घेतलेली उचल वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. बरोबर त्याच वेळी दुकानाच्या पायरीवर कुणीतरी बसलेलं असतं. कुणी शाळेतून थेट आलेलं, कुणी मेडिकल बंद करून, कुणी भावाच्या नावावरची एजन्सी चालवणारं. ‘मामा, तेवढा हप्ता आत्ताच देऊन टाका, नाहीतर पुन्हा राहून जाईल.’ पट्टीची घडी मोडायच्या आत हप्ता गेलेला असायचा.

हे बघून मी ठरवून टाकलं होतं, की दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या पैशाचं काम हे कुणी फावल्या वेळात करू नये. करायचं तर पूर्ण वेळ करावं, अभ्यास करून करावं. अर्धवेळ माणूस अर्धवटच असणार. नांदेडला, माझ्या गावाकडे, लग्नकार्यात कुणी ‘मी पण जरा इन्शुरन्सचं बघतो’ म्हणालं, की मी उठून दुसऱ्या पंगतीला जायचो.

आज माझ्याकडे म्युच्युअल फंड वितरकाचा एआरएन आहे, आणि तो पार्टटाइमच आहे. मला आता असं वाटतं, की आमच्या भागात हे काम प्रामाणिकपणे करायचं असेल तर पहिली काही वर्षं ते पार्टटाइमच करावं. मत कसं उलटलं ते सांगतो. त्यामागे कुणाचं भाषण नाही, एक हिशेब आहे.

औसा तालुक्यातले एक शेतकरी आमच्या अडतीचे जुने. 2021 च्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. त्या हंगामात भाव खाली आले, तरी आधीच्या वर्षांच्या मानाने बरे होते. गावात दोन पैसे खेळत होते आणि दिवाळीला त्यांनी एक एंडोमेंट पॉलिसी घेतली. वर्षाचा हप्ता 36,000. दुसरा हप्ता 2022 च्या दिवाळीला भरला, त्यातला बराचसा आमच्याकडूनच उचल घेऊन. 2023 ला पाऊस रुसला, भाव बसला, तिसरा हप्ता काही निघाला नाही. ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, ‘मुनीमजी, बहात्तर हजार भरलेत. किती माघारी येतील, तेवढं काढून द्या हो.’

मी कागद वाचला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे तिसऱ्या वर्षात पॉलिसी सोडली तर भरलेल्या हप्त्यांच्या किमान 35 टक्क्यांची हमी होती. म्हणजे 25,200. एकाच वर्षानंतर सोडली असती तर शून्य. हातात पेन होतं म्हणून मी दुसरी बाजूही मांडून बघितली. लांब मुदतीच्या अशा पॉलिसीवर त्या काळी पहिल्या वर्षी बोनस धरून 35 टक्क्यांपर्यंत कमिशन मिळायचं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि पुढे पाच. एजंटाला पहिल्या वर्षी 12,600, दुसऱ्या वर्षी 2,700. एकूण 15,300. ज्याने बहात्तर हजार भरले त्याला पंचवीस, आणि ज्याने सही घेतली त्याला पंधरा.

हे बघून माझं जुनं मत आणखी घट्ट व्हायला हवं होतं. पण तो एजंट माझ्या ओळखीचा होता. फसवा माणूस नव्हता. शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नात तो वाढपी म्हणून राबला होता. मी त्याला गाठून विचारलं, तर तो सरळ बोलला. पूर्वी त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. एजन्सी बरी चालायला लागली म्हणून त्याने दुकान बंद केलं. तेव्हापासून घरभाडं, पोराची क्लासची फी, गाडीचा हप्ता, सगळं नव्या पॉलिसीवर. जुन्या पॉलिसींचं पाच टक्क्यांचं उत्पन्न त्याला पुरत नव्हतं आणि दर महिन्याला नवा माणूस लागत होता. त्याचे शब्द होते, ‘दुकान होतं तेव्हा मी एखाद्याला नको म्हणू शकायचो. आता म्हणता येत नाही.’

म्हणजे हा माणूस पार्टटाइम होता तोवर ठीक होता, पूर्ण वेळ झाल्यावर बिघडला. माझा सगळा सिद्धांत उलटा पडला होता. मी कामाच्या तासांवर बोट ठेवत होतो, पण खरा प्रश्न कमिशन कधी मिळतं हा होता. पहिल्या वर्षीच मोठा घास येत असेल आणि घर त्याच घासावर चालत असेल, तर भला माणूसही वीस वर्षांची पॉलिसी अशा घरात देऊन येतो, जिथे पुढच्या वर्षीच्या पेरणीचाही भरवसा नाही.

म्युच्युअल फंडात हा पहिला घास टप्प्याटप्प्याने काढून टाकलेला आहे. 2009 च्या ऑगस्टापर्यंत गुंतवणूकदाराच्या पैशातून आधीच सव्वादोन टक्क्यांपर्यंत एंट्री लोड कापला जायचा. सेबीने तो बंद केला. तरीही कंपन्या आपल्या खिशातून वितरकाला आगाऊ रक्कम देत राहिल्या. 2018 च्या ऑक्टोबरात तीही वाट बंद झाली. आता मुख्यतः ट्रेल. ग्राहकाचे पैसे जितके दिवस फंडात राहतील तितके दिवस, त्या दिवसाच्या मूल्यावर मोजलेलं कमिशन. इक्विटी फंडात ते वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का पडतं, लिक्विड फंडात नावापुरतं. ग्राहक निघून गेला की दुसऱ्या दिवसापासून बंद.

आता तोच शेतकरी महिना 3,000 ची एसआयपी करतो असं धरा. वर्षाचे तेवढेच 36,000. ट्रेल 0.8 टक्के. पैसे महिन्या-महिन्याने जमा होतात, त्यामुळे पहिल्या वर्षात सरासरी शिल्लक 19,500 च राहते. त्यावर वितरकाची वर्षाची कमाई 156 रुपये. बारा हजार सहाशे नव्हे, एकशे छप्पन्न. औशाला दोनदा मोटारसायकलवर जाऊन आलो की संपले. दुसऱ्या वर्षी 444. बाजार अजिबात वाढला नाही असं धरून दहा वर्षांची बेरीज केली तर साडेचौदा हजार होतात. बाजार वाढला तर जास्त. पॉलिसीवाल्याने त्याच दहा वर्षांत जुन्या दराने 30,600 मिळवले असते, आणि त्यातले 12,600 पहिल्याच वर्षी.

हे आकडे मी नव्याने या धंद्यात येणाऱ्याला सगळ्यांत आधी दाखवतो. एआरएन घेऊन नोकरी सोडली, तर पहिली तीन-चार वर्षं पेट्रोलसुद्धा सुटत नाही. मग माणूस एकतर विमा जोडतो आणि जास्त कमिशनच्या पॉलिसीकडे झुकतो, नाहीतर ग्राहकाला एका फंडातून दुसऱ्या फंडात फिरवतो. ज्याचा पगार दुसरीकडून येतो त्याला 156 रुपये परवडतात. मीही घेतो, कारण माझी चूल अडतीवर पेटते.

सरकारी माणसाने मात्र ही वाट धरू नये. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम 1979 चे आहेत आणि जिल्हा परिषदेच्या नोकरांचे 1967 चे. खाजगी धंद्याला बंदी आहे. घरच्यांच्या विमा एजन्सीसाठी लोकांना गळ घालणं हाही नियमभंगच धरला जातो. आमच्याकडे बायकोच्या नावावर एजन्सी आणि गुरुजींच्या पिशवीत फॉर्म ही पद्धत इतकी रुळली आहे, की कुणाला त्यात काही वाटत नाही. परीक्षा एकाने दिलेली आणि ग्राहकाशी बोलणारा दुसरा, हे मला अजूनही खटकतं. त्याबाबतीत माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

परवान्याची वाट सोपी आहे, पण तिचे दोन रस्ते वेगळे आहेत. म्युच्युअल फंडासाठी एनआयएसएमची पाच-अ क्रमांकाची परीक्षा. शंभर गुणांची, दोन तासांची, पासाला 50, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मग एम्फीकडे नोंदणी करून एआरएन घ्यायचा आणि ज्या ज्या फंड कंपनीचं काम करायचं तिच्याकडे स्वतंत्र नाव नोंदवायचं. प्रमाणपत्र तीन वर्षांचं, मग पुन्हा परीक्षा किंवा प्रशिक्षण. एआरएन मिळाला म्हणजे सल्लागार झालो असं नव्हे. सल्लागाराची सेबीकडे वेगळी नोंदणी असते आणि ती नसताना पाटीवर तसं लिहायची मनाई आहे. मी वितरक आहे, कार्डावर तेवढंच छापलंय.

विम्यासाठी कंपनीचं प्रशिक्षण आणि आयसी-38 ची परीक्षा. पास व्हायला 35 टक्के पुरतात. पण एजंट म्हणून एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचं काम करता येतं. म्हणजे ‘तुमच्यासाठी कोणती पॉलिसी चांगली’ या प्रश्नाला एजंटाकडे उत्तर एकच असतं, त्याच्या कंपनीची. हे कळल्यावर मी विम्याची एजन्सी न घ्यायचं ठरवलं. विम्याची गरज नाही म्हणून नव्हे. ज्या घरात एकच कमावणारा आहे तिथे आधी मुदतीचा विमा, मग बाकी सगळं. पण तो मी विकत नाही, घ्यायला सांगतो.

आणि त्याच्याही आधी बँकेतली जीवनज्योती. वर्षाला 436 रुपये, मृत्यूनंतर दोन लाख, वय 18 ते 50. सोबत 20 रुपयांची अपघाताची सुरक्षा योजना. यात मला एक रुपया मिळत नाही. या योजनेत कुठे घात होतो हे मात्र अडतीवर बसल्यामुळेच मला कळलं. हप्ता खात्यातून मेच्या अखेरीस आपोआप कापला जातो आणि संरक्षण 1 जूनपासून सुरू होतं. मेच्या अखेरीला शेतकऱ्याच्या खात्यात काय असतं? बियाणं-खताला पैसे काढून खातं कोरडं झालेलं असतं. 436 नाहीत म्हणून हप्ता कापला जात नाही, संरक्षण तुटतं, आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. पुन्हा सुरू केलं तरी अपघात सोडून इतर मृत्यूला पहिले काही दिवस दावा मिळत नाही. म्हणून मे लागला की मी उचल देताना लोकांना सांगतो, खात्यात पाचशे तसेच ठेवा, त्याला हात लावू नका. या कामाला वितरकाचा परवाना लागत नाही. पण परवाना घेतला नसता तर हे माझ्या लक्षातही आलं नसतं.

ट्रेलच्या बदल्यात मी नेमकं काय करतो, हा प्रश्न मला सुरुवातीला छळायचा. 2013 पासून प्रत्येक फंडाची डायरेक्ट योजना आहे. तोच फंड, तोच व्यवस्थापक, फक्त वितरकाचं कमिशन नाही, म्हणून खर्च कमी. वीस वर्षांत त्या फरकाची रक्कम मोठी होते. मी स्वतः डायरेक्टमध्येच होतो आणि भाच्यालाही तेच सांगितलं होतं. मग दुसऱ्याला महाग योजना कोणत्या तोंडाने द्यायची?

उत्तर मला कागदपत्रांत सापडलं. आमच्या भागात एका माणसाची तीन नावं असतात. आधारवर आडनाव पाटील, पॅनवर जाधव, बँकेत वडिलांचं नाव आधी. ज्ञानोबाची इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर डीने सुरू होते, दुसऱ्यावर जीने. बाईचं पॅन माहेरच्या नावाचं. 2024 च्या एप्रिलपासून केवायसीचे नियम कडक झाले आणि जुन्या वीजबिलावर किंवा बँकेच्या पासबुकावर केवायसी झालेल्या कितीतरी लोकांची खाती होल्डवर गेली. ॲपवर लाल अक्षरात एक ओळ येते आणि माणूस तिथेच थांबतो. मी आधी आधार दुरुस्त करून घेतो, मग पॅन, मग बँक, याच क्रमाने. क्रम चुकला की महिनाभर हेलपाटे. मग वारसाचं नाव. मग हप्त्याची तारीख. आमच्याकडे महिन्याच्या महिन्याला पगार येणारे थोडेच. ज्याचं उत्पन्न पट्टीवर आहे त्याला महिन्याची एसआयपी गळ्यात बांधली, तर मेमध्ये खातं कोरडं असताना हप्ता परत जातो आणि बँक दंड लावते. त्याच्यासाठी हंगामाची रक्कम आधी लिक्विड फंडात टाकून तिथून दरमहा थोडी इक्विटीत वळवावी लागते. लिक्विडवर मला काही सुटत नाही, पण एसआयपी तुटत नाही.

ज्याला हे सगळं स्वतः करता येतं त्याला मी डायरेक्टचा रस्ता दाखवतो. नांदेडचे एक प्राध्यापक आले होते, कागद चोख, ॲप सफाईने वापरणारे. मी म्हणालो, ‘सर, तुम्हाला माझी गरज नाही.’ त्यांना आधी वाटलं, मी त्यांना टाळतोय. ज्यांना गरज आहे त्यांना पहिल्याच भेटीत माझी कमाई सांगतो. वर्षातून दोनदा येणाऱ्या एकत्रित खातेपत्रकात वितरकाला प्रत्यक्ष किती रुपये दिले ते छापून येतं. मी न सांगता ते त्यांनी तिथे वाचण्यापेक्षा माझ्या तोंडून आधी ऐकलेलं बरं.

सगळ्यांत अवघड जातं ते कमिशन सोडण्याचं मागणं. ‘पहिल्या हप्त्यातलं तुमचं काय ते आम्हाला द्या’ ही मागणी मराठवाड्यात लाजत कुणी करत नाही. कारण एजंटांनीच ती शिकवली आहे, ‘पहिला हप्ता मी भरतो, तुम्ही सही करा’ असं म्हणून. विमा कायदा 1938 च्या कलम 41 प्रमाणे असा परतावा देणं गुन्हा आहे आणि घेणंही. दंड दहा लाखांपर्यंत. फंडांतही वितरकाला तशी सूट देता येत नाही. पण माझी खरी हरकत कायद्याची नाही. पहिला हप्ता फुकट मिळाला की घरात पॉलिसी घ्यायची की नाही हा विचारच होत नाही. दुसरा हप्ता आला की कळतं की ती परवडत नाही, तोवर एजंटाचं वर्ष भरलेलं असतं. 2024 च्या ऑक्टोबरपासून एका वर्षाच्या हप्त्यानंतरही काही सोडमूल्य द्यावं लागतं. त्यानंतर काही कंपन्यांनी पहिल्या वर्षाचं कमिशन खाली आणलं आणि पुढच्या वर्षांचं वाढवलं. हे चांगलं झालं. पण जुन्या सवयी एका परिपत्रकाने जात नाहीत. कुणी आमच्या अडतीवर पॉलिसी दाखवायला आणली, तर मी आधी तारीख विचारतो. घेऊन तीस दिवस झाले नसतील तर ती परत करता येते, थोडासा खर्च वजा जाऊन. बहुतेक जण त्यानंतरच येतात.

माझी अडचण वेगळीच आहे आणि तिला अजून उत्तर सापडलेलं नाही. लोकांच्या हातात पैसा असतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि त्याच दोन महिन्यांत अडतीवर मला मान वर करायला वेळ नसतो. रात्री दहापर्यंत पट्ट्या चालतात. कुणी ‘त्या फंडाचं काय ते बघा ना’ म्हणालं की मी म्हणतो, दिवाळी होऊ द्या, निवांत बसू. पायरीवर बसलेला माणूस मात्र निवांत नसतो. त्याचा फॉर्म तयार असतो. मागच्या हंगामात एक-दोघे असे माझ्या डोळ्यांदेखत सही करून गेले. त्यातल्या एकाच्या पट्टीवरची रक्कम माझ्याच अक्षरात लिहिलेली होती. मालकांना विचारून आता संध्याकाळी मदतीला एक पोरगा ठेवून बघणार आहे, त्याचा पगार ट्रेलमधून निघणार नाही हे ठाऊक असूनही.